काळं दिसलं म्हणजे पाणीच, असं नाही गं

पुढच्या महिन्यापासून स्तनाच्या सोनोग्राफीची खोली तुझ्याकडे येणार असं कळलं, तेव्हाच ठरवलं की तुझ्याशी याबद्दल एकदा निवांत बोलायचं. पुस्तकं तू वाचली आहेसच. पण पहिल्या काही दिवसांत डोळा कुठे फसतो, ते पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं. त्या खोलीत येणाऱ्या बाईच्या हाताला काहीतरी लागलेलं असतं आणि तिचा प्रश्न अगदी सरळ असतो: पाण्याची गाठ आहे की मासाची? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तुझ्या समोरच्या पडद्यावर असतं. ते वाचायचं कसं, एवढंच आज सांगते.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात घे. साधी सिस्ट म्हणायची असेल तर सगळ्या खुणा जुळायला हव्यात. आतून पूर्ण काळी, भिंत जेमतेम दिसेल इतकी पातळ, आकार गोल किंवा लंबगोल, कडा सगळीकडून नीट, आणि गाठीच्या खालचा भाग आजूबाजूपेक्षा उजळ. यातलं एकही कमी पडलं तर ‘साधी’ हा शब्द वापरायचा नाही. उलट, गाठ घन असेल तर संशयाची एकच खूण पुरते. बाकी सगळं कितीही सोज्वळ दिसलं तरी ती एक खूण दिसली की बायॉप्सी. हा नियम माझा नाही. १९९५ साली स्टाव्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५० घन गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १२५ कर्करोगाच्या निघाल्या. त्यांची रीत अशी होती: आधी वाईट खुणा शोधायच्या, एक जरी सापडली तरी गाठ सौम्य गटातून बाहेर काढायची, आणि एकही सापडली नाही तरच चांगल्या खुणांकडे वळायचं. या रीतीने ज्या गाठींना सौम्य म्हटलं, त्यांतल्या साडेनव्याण्णव टक्के खरोखरच सौम्य निघाल्या. आपण नवीन असताना नेमकं उलट करतो. आधी चांगलं दिसतं, मन तिथेच स्थिरावतं, आणि मग वाईट खूण समोर असूनही नजरेत भरत नाही.

आता प्रोब हातात घेतलास असं धर. गाठीकडे बघायच्या आधी चरबीकडे बघ. कातडीखालची चरबी पडद्यावर मध्यम राखाडी दिसली पाहिजे. ती काळपट दिसत असेल तर गेन कमी आहे, आणि गेन कमी असला की घन गाठसुद्धा पाण्यासारखी काळी दिसते. चरबी पांढुरकी दिसत असेल तर गेन जास्त आहे, आणि मग निखळ पाण्याच्या सिस्टमध्येही खोटे ठिपके भरतात. चरबीचा राखाडी रंग ही तुझी पट्टी. ती आधी लाव, मग गाठीचा रंग ठरव. फोकस गाठीच्या पातळीवर आण. आणि बाईंना नीट झोपव. हात डोक्यावर, आणि गाठ बाहेरच्या बाजूला असेल तर त्या बाजूच्या खांद्याखाली उशी देऊन त्यांना थोडं दुसऱ्या कुशीकडे वळव, म्हणजे स्तन पसरून पातळ होतो आणि प्रोबपासून गाठीपर्यंतचं अंतर कमी होतं. घाईच्या ओपीडीत ही उशी कुणी ठेवत नाही. तू ठेव.

सिस्टच्या खाली उजेड का पडतो, ते समजून घे, कारण हे कळलं की सावलीचंही अर्धं काम होतं. आवाज शरीरात जितका खोल जातो तितका शोषला जातो. मशीनला हे माहीत असतं, म्हणून ते खोलवरून परत येणाऱ्या आवाजाला आधीच वाढवून दाखवतं. आईने रिक्षाचे पैसे मोजून दिले आणि पोरगी चालतच गेली, तर पैसे उरतात ना, तसंच हे. पाण्यात आवाज जवळजवळ शोषलाच जात नाही, पण मशीनने वाढ तर दिलेली असते. ती शिल्लक पडलेली वाढ सिस्टच्या खाली उजेड म्हणून दिसते. म्हणजे उजेडाचा अर्थ एवढाच, की वरच्या वस्तूने आवाज फारसा खाल्ला नाही. ती वस्तू पाणीच आहे असं उजेड सांगत नाही. हे वाक्य विसरू नकोस, थोड्या वेळाने आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

सिस्टच्या दोन्ही कडांपासून खाली उतरणाऱ्या बारीक काळ्या रेघा तुला दिसतील. नवीन मुली त्यांना सावली समजून घाबरतात. गोल भिंतीला आवाज तिरका लागतो, वाकतो आणि बाजूला निघून जातो, म्हणून कडेच्या खाली ती अरुंद रेघ उमटते. ती गुळगुळीत, गोल भिंतीची खूण आहे, म्हणजे तुझ्या बाजूचीच. खरी चिंतेची सावली गाठीच्या मधल्या भागाखाली असते आणि रुंद असते. सिस्टच्या वरच्या भिंतीला लागूनही धुरकट पट्टा येतो, तो आवाज पुन्हा पुन्हा आपटून आल्याचा. हार्मोनिक चालू कर, बऱ्याचदा तो निवळतो. आणि पाच मिलिमीटरपेक्षा लहान किंवा खूप खोल सिस्ट असेल तर तिच्यात आजूबाजूच्या ऊतींची छटा मिसळते आणि ती धूसर दिसते. तिथे हात स्थिर ठेव, गाठ फोकसमध्ये आण, आणि दोन दिशांनी बघितल्याशिवाय काही ठरवू नकोस.

आता घन गाठ. इथे माझा क्रम कडा, मग आकार, आणि सावली सगळ्यात शेवटी. तुझे सर कदाचित सावलीपासून सुरुवात करायला सांगतील, कारण ती लगेच डोळ्यांत भरते. पण माझ्या मते तिन्हींमध्ये सर्वांत कमी भरवशाची तीच.

कडा बघायच्या म्हणजे गाठीच्या सगळ्या घेराभोवती नजर फिरवायची. वरची कडा नेहमी सुंदर दिसते, कारण आवाज तिला सरळ लागतो. फसवणूक असते ती बाजूच्या आणि खालच्या कडेत. म्हणून प्रोब आधी निपलकडून बाहेर जाणाऱ्या रेषेत ठेव, मग त्याच जागी नव्वद अंशांत फिरव. दुधाच्या नळ्या निपलकडे जातात, त्यामुळे नळीच्या वाटेने सरकणारं टोक पहिल्या दिशेत दिसतं आणि दुसरीत बेपत्ता असतं. चांगली कडा पेनने काढल्यासारखी सलग असते. वाईट कडेचे प्रकार चार. एक, ती कुठे संपते तेच कळत नाही, शेजारच्या ऊतीत विरून जाते. दोन, तिला कोपरे असतात, आणि एकच टोकदार कोपराही पुरेसा. तीन, काठाला एक-दोन मिलिमीटरचे बारीक फुगवटे ओळीने असतात. फायब्रोअॅडिनोमालाही फुगवटे असतात, पण मोठे, मंद, दोन-तीनच, त्यामुळे त्याचा फार बाऊ करायचा नाही. बारीक आणि पुष्कळ असतील तर मात्र थांब. चौथा प्रकार म्हणजे गाठीतून बाहेर निघणाऱ्या रेघा. चरबीत त्या पांढुरक्या दिसतात, दाट पांढऱ्या ऊतीत काळ्या. कधीकधी गाठीभोवती जाडसर पांढरं धुकं असतं. त्याचा अर्थ गाठ काळ्या भागापुरती नाही, आजूबाजूच्या ऊतीतही शिरते आहे. हे चारही प्रकार शेवटी एकच सांगतात: गाठ शेजाऱ्याला बाजूला सारत नाही, त्याच्यात घुसते. फायब्रोअॅडिनोमा वाढताना ऊतीला ढकलतो, म्हणून त्याची कडा स्वच्छ राहते.

आकाराचंही मूळ तिथेच आहे. झोपलेल्या बाईच्या स्तनातले थर कातडीला समांतर पसरलेले असतात. सौम्य गाठ त्या थरांमध्ये मिळेल तशी जागा करून घेते, त्यामुळे आडवी, लंबगोल होते. थर तोडून वर-खाली वाढणारी गाठ रुंदीपेक्षा उंच होते. म्हणून मोजताना घाई करू नकोस. कातडीला समांतर असलेलं माप आणि त्याला काटकोनातलं माप, दोन्ही घे. नऊ मिलिमीटर रुंद आणि अकरा मिलिमीटर उंच अशी गाठ दिसायला किरकोळ वाटते, पण ते दोन मिलिमीटर खूप बोलतात. हे लहान गाठींच्या बाबतीत जास्त खरं आहे. मोठा कर्करोग बऱ्याचदा आडवाच असतो, म्हणून आडवी आहे एवढ्यावर कुणाला सोडायचं नाही.

आणि सावली. काही कर्करोगांभोवती शरीर तंतुमय, कडक ऊती तयार करतं. ती आवाज खाते, खाली काळोख पडतो. सावलीचं हे कारण लक्षात ठेवलंस की तिची मर्यादाही आपोआप कळेल. जो कर्करोग सावकाश वाढतो आणि भोवती भरपूर तंतू जमवतो, त्याची सावली गडद असते. जो वेगाने वाढतो, ज्यात पेशीच पेशी खच्चून भरलेल्या असतात आणि तंतू थोडे, त्याच्यातून आवाज आरामात जातो. त्याच्याखाली सावली नसते, उलट उजेडही असू शकतो.

दुसऱ्या बाजूने, सावली आहे म्हणून कर्करोग, असंही नाही. निपलखाली सावली असतेच. स्तनाला धरून ठेवणाऱ्या कूपरच्या बंधांना आवाज तिरका लागला की खाली काळा पट्टा उतरतो. अशा वेळी प्रोब थोडा दाब, थोडा कलता कर. बंधाची सावली नाहीशी होते, गाठीची राहते. जुन्या ऑपरेशनच्या जखमेखाली भयंकर सावली असते, पण प्रोब नव्वद अंशांत फिरवला की तिथे गाठच सापडत नाही. म्हणून आधी विचार, आणि कातडीवरची खूण स्वतः बघ. चुना साचलेला जुना फायब्रोअॅडिनोमाही सावली टाकतो, तिथे मॅमोग्राफी बाजूला ठेवून बघितलं की उलगडा होतो. अजून एक खटका आहे, तोही सांगते. मशीनवर कंपाउंड चालू असेल तर चित्र गोड दिसतं, कडा छान येतात, पण सावली आणि उजेड दोन्ही फिके पडतात. खालच्या भागाबद्दल शंका असली की कंपाउंड क्षणभर बंद करून बघ.

आता ज्या बाईंमुळे मी हे सगळं इतक्या आग्रहाने बोलते आहे, त्यांचं सांगते. वय सदतीस. उजव्या स्तनात बाहेर-वरच्या बाजूला, घड्याळाच्या दहाच्या जागी, निपलपासून चार सेंटिमीटरवर गाठ. हातात तीन महिन्यांपूर्वीचा दुसरीकडचा रिपोर्ट: अकरा मिलिमीटरची साधी सिस्ट, काळजीचं कारण नाही. त्यांना गाठ वाढल्यासारखी वाटत होती, म्हणून आल्या होत्या. जुनं चित्र उजेडात धरलं तर गाठ काळीभोर, गोलसर, खाली छान उजेड. पण त्या चित्रात चरबीसुद्धा काळीच होती. सगळंच काळं असलेल्या चित्रात गाठ काळी आहे, याला काही अर्थ नसतो.

आमच्या मशीनवर चरबी राखाडी करून घेतली. गाठीत लगेच बारीक ठिपक्यांची एकसारखी छटा उमटली. खालचा उजेड तसाच होता. माप सतरा मिलिमीटर रुंद, पंधरा उंच, म्हणजे आडवीच, आकारावरूनही बोट दाखवायला जागा नव्हती. वरची कडा स्वच्छ. बाजूच्या कडा स्वच्छ. प्रोब निपलच्या रेषेत आणला तेव्हा खालच्या, निपलकडच्या काठाला एक-एक मिलिमीटरचे तीन-चार फुगवटे दिसले. तेवढंच. बाईंना कूस बदलायला सांगितली. आत गढूळ पाणी असतं तर ठिपके सरकण्याची शक्यता होती, पण काहीच हललं नाही. ठिपके हलले नाहीत एवढ्यावरून गाठ घन ठरत नाही, दाट द्रवही जागचा हलत नाही. म्हणून डॉप्लर लावला, तोही हात अगदी हलका ठेवून, कारण प्रोब दाबला की बारीक रक्तवाहिनी मिटते आणि आपण रक्त नाही असं लिहून मोकळे होतो. काठावरून एक वाहिनी आत शिरताना स्पष्ट दिसली. पाण्यात रक्तवाहिनी असत नाही. गाठ घन होती.

आता बघ, या गाठीत सावली नव्हती, उजेड होता. आकार लंबगोल होता. बहुतेक कडा चांगली होती. बोलले ते फक्त खालचे फुगवटे आणि ती एक वाहिनी. मग काखेत प्रोब नेला. काख प्रत्येक संशयी गाठीत बघायचीच, विसरायची नाही. तिथल्या एका लसिका गाठीचा बाहेरचा काठ एका बाजूने जाड झालेला होता, पाच मिलिमीटर. तीनपर्यंत आपण साधारण ठीक धरतो. मॅमोग्राफी झाली, मग सोनोग्राफीत बघत चौदा गेजच्या सुईने कोअर बायॉप्सी, काखेतल्या गाठीतूनही सुईने नमुना घेतला. उत्तर आलं: पसरणारा नलिकेचा कर्करोग, ग्रेड तीन, ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही नकारात्मक. काखेतही होता. अशा वेगाने वाढणाऱ्या गाठी नेमक्या गोल, गुळगुळीत आणि खाली उजेड असलेल्या दिसतात, आणि त्या तरुण बायकांमध्ये जास्त आढळतात. म्हणजे ज्या वयात आपण गोल काळी गाठ बघून निर्धास्त होतो, त्याच वयात. त्यांना ऑपरेशनच्या आधी केमोथेरपी द्यायचं ठरलं, म्हणून गाठीच्या जागी धातूची छोटी खूण ठेवली, कारण औषधाने गाठ विरघळली तर सर्जनला जागा सापडायला हवी.

मधल्या गटाबद्दल थोडक्यात. आतलं पाणी गढूळ, पण भिंत पातळ, डॉप्लरला काही नाही, घन भाग नाही, तर ती गढूळ सिस्ट. बायकांच्या दोन्ही स्तनांत साध्या सिस्टच्या सोबतीने अशा पुष्कळ असतात, आणि एकटीच असेल तर थोड्या महिन्यांनी परत बघता येते. ठणकत असेल किंवा खात्री वाटत नसेल तर सुईने पाणी काढ. पूर्ण रिकामी होऊन पडद्यावरून नाहीशी झाली तर प्रश्न मिटला. रक्ताळ पाणी आलं, किंवा पाणी काढूनही काही शिल्लक दिसलं, तर पुढे जायचं. आणि भिंत जाड असेल, जाड पडदे असतील किंवा आत भिंतीला चिकटलेला घन गोळा असेल, तर तिला सिस्ट म्हणूच नकोस. ती पाणी आणि घन मिळून झालेली गाठ आहे आणि तिची बायॉप्सी होते, घन भागातून.

दूध पाजणाऱ्या आईमध्ये दुधाची गाठही येते, ती कधी पाण्यासारखी, कधी घन दिसते. तिथेही हाच क्रम लाव. पाजते आहे म्हणून दुधाचीच असेल, असं मनात धरून प्रोब ठेवू नकोस.

रिपोर्ट लिहिताना घड्याळाची जागा, निपलपासूनचं अंतर, तिन्ही मापं आणि कडेचं वर्णन लिही. मापाच्या खुणा असलेलं एक चित्र ठेव आणि खुणा नसलेलं एक, कारण खुणेचे फुलीसारखे ठिपके नेमके कडेवर बसतात आणि पुढच्या डॉक्टरला कडाच दिसत नाही. बाय-रॅड्सचा आकडा घालायला घाबरू नकोस. साधी सिस्ट दोन. सगळ्या बाजूंनी सौम्य दिसणारी घन गाठ तीन, म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत, तिला सहा महिन्यांनी बोलवायचं. चारपासून पुढे बायॉप्सी. दोन टक्क्यांपासून पंचाण्णवपर्यंत सगळा पल्ला चारमध्येच येतो, म्हणून त्यात अ, ब, क पाडतात. मनात चार असताना कागदावर तीन लिहायचा मोह होईल. बाई समोर बसलेल्या असतात, घाबरलेल्या असतात, सहा महिन्यांनी या म्हणणं दोघींनाही सोपं वाटतं. तसं करू नकोस. कडेवर एक कोपरा दिसला असेल तर त्यांच्या डोळ्यांत बघून सांग: ताई, ही गाठ पाण्याची नाही, सुईने तुकडा काढून तपासायला हवी, आणि ते याच आठवड्यात करून घ्या.